परिच्छेदाला काम काय?

सप्टेंबर १८४९. फ्रान्समधल्या रूआँ शहराजवळ, सेन नदीकाठच्या क्रवासे या गावी गुस्ताव फ्लोबेरनं आपल्या दोन मित्रांना समोर बसवलं आणि नुकतंच लिहून पुरं केलेलं ‘सेंट अँथनीचा मोह’ हे पुस्तक मोठ्यानं वाचायला घेतलं. लुई बुये आणि माक्सिम द्यु कां या मित्रांना अट एकच होती. वाचन संपेपर्यंत कुणी मत द्यायचं नाही. दुपारी बारा ते चार आणि रात्री आठ ते बारा अशी रोजची बैठक चार दिवस चालली. बत्तीस तासांनंतर मित्रांनी निकाल दिला, की हे हस्तलिखित आगीत टाकावं आणि पुन्हा त्याचं नाव काढू नये.

ही हकीकत द्यु कांनं पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली. त्याची तक्रार काय होती, ते नीट पाहण्यासारखं आहे. वाक्यं वाईट आहेत, असं तो म्हणत नाही. उलट वाक्यं सुंदर होती, घडीव होती, नादमय होती. पण वाक्यांमागून वाक्यं येत राहिली आणि गोष्ट जागची हलेना. प्रत्येक पान कानाला गोड लागत होतं, मात्र ते पान तिथं कशासाठी आहे हे ऐकणाऱ्याला कळत नव्हतं.

फ्लोबेरनं मोठ्यानं वाचणं सोडलं नाही. पुढे ‘मादाम बोव्हारी’ लिहिताना आणि त्यानंतरही तो आपली वाक्यं अक्षरशः ओरडून म्हणून पाहत असे. बुयेच्या मृत्यूनंतर त्याच्या कवितांना लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यानं म्हटलं आहे, की बिघडलेलं वाक्य या परीक्षेत टिकत नाही. ते छातीवर दाब आणतं, हृदयाच्या ठोक्यांत अडथळा आणतं. वाक्यासाठी ही परीक्षा खरीच आहे. क्रवासेच्या त्या बैठकीत तिची मर्यादाही दिसली. वाक्य चांगलं आहे की नाही, हे कान सांगतो. परिच्छेद हवा आहे की नाही, हे ठरवायला आणखी एक साधन लागतं.

ते साधन अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या लेखन-केंद्रांमध्ये विद्यार्थ्यांना नेमानं शिकवलं जातं. त्याला ‘रिव्हर्स आउटलाइन’ म्हणतात. मराठीत उलट आराखडा म्हणता येईल. एरवी आराखडा लिहिण्याआधी केला जातो. हा मात्र लिहून झाल्यावर, समोरच्या खर्ड्यातून काढायचा असतो. लेखात काय लिहायचं ठरवलं होतं ते विसरायचं आणि कागदावर खरोखर काय उतरलं आहे तेवढंच टिपायचं. मोठ्यानं वाचन आणि उलट आराखडा या दोन परीक्षा एकाच खर्ड्यावर घेतल्या आणि त्यांचे निकाल शेजारी ठेवले, की कोणता परिच्छेद आपली जागा कमावतो आणि कोणता फुकट बसून आहे, हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

कान काय पकडतो

मनातल्या मनात वाचताना डोळे ओळीवरून सरळ घसरत जात नाहीत. ते उड्या मारतात. छोटे आणि नेहमीचे शब्द पुष्कळदा टिपलेच जात नाहीत. आधीच्या मजकुरावरून मेंदू ते भरून काढतो. वाचक परका असेल तर हे भरणं मर्यादित राहतं. लिहिणाऱ्याला मात्र सगळाच मजकूर आधीपासून ठाऊक असतो. त्यामुळे गाळलेला शब्द, तुटलेला दुवा, दोनदा आलेलं वाक्य या साऱ्यांवरून त्याची नजर सुखानं पुढे जाते.

मोठ्यानं वाचताना प्रत्येक शब्द तोंडातून जावा लागतो आणि वेग आपोआप कमी होतो. बेल्जियममधले मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी इंग्रजी वाचनावरच्या अनेक अभ्यासांचे आकडे २०१९ मध्ये एकत्र केले. माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला, तर मोठ्यानं वाचण्याचा १८३. भाषेनुसार आकडे बदलतील, पण जीभ डोळ्यापेक्षा हळू चालते हे कोणत्याही भाषेत खरं.

मराठीत कानाचा एक खास उपयोग आहे. आपलं क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. कर्ता सुरुवातीला सोडला आणि मध्ये ‘असल्यामुळे’, ‘करण्यात आलेल्या’, ‘झाल्याच्या कारणास्तव’ अशी साखळी ओवत गेलं, की क्रियापदापर्यंत पोचताना दम संपतो. डोळा ही साखळी सहन करतो, छाती करत नाही. वाचताना जिथं मध्येच श्वास घ्यावा लागतो, तिथं वाक्य बहुधा दोन वाक्यांचं ओझं वाहत असतं.

पद्धत साधी आहे, पण तिचे दोन नियम पाळावे लागतात. पहिला नियम, मजकूर कागदावर छापून घ्यायचा आणि हातात पेन्सिल धरायची. दुसरा नियम, वाचता वाचता दुरुस्ती करायची नाही, फक्त खूण करायची. दुरुस्तीसाठी थांबलं की लिहिणारा पुन्हा लेखकाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि ऐकणारा नाहीसा होतो. समासात तीन खुणा पुरतात. जीभ अडखळली तर फुली. दम लागला तर आडवी रेघ. आणि आवाज सपाट झाला, वाचायची घाई होऊ लागली, तर उभी रेघ. परिच्छेदाच्या दृष्टीनं ही तिसरी खूण सर्वांत मोलाची. फुली आणि आडवी रेघ वाक्याची तक्रार करतात. उभी रेघ सांगते, की इथं वाचणाऱ्यालाच पुढे जायचं होतं.

इथं एक फसगतही होते. ज्याचा आवाज चांगला आहे, ज्याला विराम आणि चढउतार जमतात, तो कमकुवत मजकूरसुद्धा तारून नेतो. अभिवाचनात ही कला असते. खर्डा तपासताना ती अडचण ठरते. म्हणून शक्य असेल तर खर्डा दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि त्यानं तो पहिल्यांदाच, तयारीशिवाय वाचावा. लेखकानं हातातल्या दुसऱ्या प्रतीवर खुणा करत ऐकावं. परक्या जिभेला पुढचं वाक्य ठाऊक नसतं. ती चुकीच्या शब्दावर जोर देते, मागे येऊन पुन्हा वाचते आणि त्यातूनच वाक्याची रचना कुठं दिशाभूल करते ते कळतं.

उलट आराखडा कसा काढायचा

प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा. मग प्रत्येकासमोर दोन नोंदी करायच्या. डावीकडे, हा परिच्छेद काय सांगतो. उजवीकडे, तो लेखासाठी काय काम करतो.

डावीकडची नोंद पूर्ण वाक्यात हवी, त्यात क्रियापद हवं. ‘लोणारचा इतिहास’ ही नोंद नव्हे, ते शीर्षक झालं. शीर्षकाखाली काहीही दडवता येतं. ‘लोणारची नोंद १८२३ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं केली’ ही नोंद झाली. एका वाक्यात परिच्छेद मावत नसेल, तर बहुधा तिथं दोन परिच्छेद एकत्र कोंबलेले असतात. आणि वाक्यच सुचत नसेल, तर परिच्छेद काही सांगतच नसण्याची शक्यता मोठी.

खरी कसोटी उजवीकडे लागते. तिथं लिहिणारा स्वतःला सहज फसवू शकतो. ‘माहिती देतो’, ‘पार्श्वभूमी सांगतो’, ‘वातावरण उभं करतो’ असे शब्द कोणत्याही परिच्छेदासमोर लिहिता येतात, म्हणून त्यांतून काहीच कळत नाही. यावर एक कडक उपाय आहे. कामाच्या नोंदीत दुसऱ्या एखाद्या परिच्छेदाचा क्रमांक आलाच पाहिजे. ‘सात कळण्यासाठी हा लागतो’, ‘तीनमधल्या शंकेचं उत्तर देतो’, ‘पाचच्या विरोधात पुरावा मांडतो’. लेखाचा मूळ प्रश्न मांडणारा आणि त्याचं उत्तर देणारा, एवढ्या दोघांना ही अट लागू नाही. बाकी ज्या परिच्छेदाची दुसऱ्या कुणाला गरज नाही, तो संशयित.

लोणारचा खर्डा

उदाहरणासाठी एक खर्डा रचून घेऊ. विषय असा: बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी का झालं? अशा विषयावर पहिल्या हाती जसा लेख उतरतो, तसाच हा अकरा परिच्छेदांचा आहे. त्याचा उलट आराखडा असा निघतो:

१. महाराष्ट्राला निसर्गानं भरभरून दिलं आहे. काम: सुचत नाही.
२. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. काम: प्रश्न मांडतो.
३. लोणार हे बेसॉल्ट खडकात उल्कापातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. काम: पार्श्वभूमी.
४. लवणासुराला मारलं आणि तिथं हे सरोवर झालं, अशी आख्यायिका आहे. काम: वातावरण.
५. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं विवराची नोंद केली. काम: माहिती.
६. विवराचं वय आधी सुमारे ५२ हजार वर्षं मानलं जाई, नंतरच्या मापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. काम: माहिती.
७. सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. काम: नऊसाठी लागतो.
८. काठावर जुनी मंदिरं आहेत. काम: सुचत नाही.
९. लोकांनी शैवालाचा अंदाज केला, पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाण्याच्या नमुन्यांत हॅलोआर्किया हे मीठ मानवणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव सापडले. काम: उत्तर देतो.
१०. पाणी आटलं की त्याची क्षारता वाढते. काम: नऊसाठी लागतो.
११. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ते जपलं पाहिजे. काम: समारोप.

अकरांपैकी क्रमांकाची अट पुरी करणारे दोनच, सात आणि दहा. प्रश्न आणि उत्तर धरले तर चार. बाकीच्या सातांकडे सांगायला चांगली माहिती आहे, पण ‘गुलाबी का झालं’ या प्रश्नासाठी ते अजून काहीही करत नाहीत.

आता याच खर्ड्याच्या मोठ्यानं वाचनात काय होतं ते पाहू. आख्यायिकेचा चौथा परिच्छेद आणि वयाच्या वादाचा सहावा, हे दोन्ही सुरेख वाचले जातात. त्यांत गोष्ट आहे, चढउतार आहे, आवाज आपसूक रंगतो. उलट ज्याच्यावर सगळं उत्तर उभं आहे, तो सातवा परिच्छेद वाचताना दम लागतो. त्यातलं एक वाक्य असं:

‘सरोवरातून बाहेर वाहून जाणारा कोणताही प्रवाह नसल्याने तसेच झऱ्यांच्या व पावसाच्या पाण्यासोबत येणारे क्षार बाष्पीभवनानंतर मागे राहत असल्याच्या कारणास्तव पाण्यातील क्षारांचे प्रमाण वाढलेले असल्याचे दिसून येते.’

दोन परीक्षा एकमेकींशी भांडतात त्या इथं. केवळ कानावर विसंबणारा लेखक चौथा आणि सहावा ठेवील आणि सातव्याला कात्री लावील. लेख कानाला गोड होईल आणि गुलाबी रंगाचं कारण कुणाला कळणार नाही. केवळ आराखड्यावर विसंबणारा सातवा जसाच्या तसा ठेवील आणि वाचक तिथंच पान उलटेल. दोन्ही निकाल शेजारी ठेवले, तर प्रत्येकाला वेगळा उपाय मिळतो. काम आहे, पण वाचवत नाही: परिच्छेद नव्यानं लिहायचा. वाचायला गोड, पण काम नाही: लेखातून काढायचा. दोन्ही नाही: विचार न करता काढायचा.

सातवा परिच्छेद नव्यानं लिहिला, तर असा होईल: ‘लोणारमध्ये झऱ्यांचं पाणी येतं, पावसाचं येतं. बाहेर जायला वाट नाही. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात.’ माहिती तीच, पण आता तीन श्वासांत नीट बसते.

असं लिहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बाहेर जायला वाट का नाही? कारण सरोवर उल्कापातानं झालेल्या खोलगट विवरात आहे. म्हणजे तिसऱ्या परिच्छेदाला काम होतं, फक्त ते कुणी त्याच्याकडून करून घेतलं नव्हतं. त्यात एकच वाक्य घालावं लागतं: चारी बाजूंनी कडा उंच असल्यानं इथं आलेलं पाणी इथंच राहतं. ‘पार्श्वभूमी’ ही पोकळ नोंद खोडून तिथं ‘सातसाठी लागतो’ असं लिहिता येतं. प्रत्येक संशयित परिच्छेद काढायचाच असतो असं नाही. काहींना त्यांचं काम दाखवून द्यावं लागतं.

दहावा परिच्छेद सातव्याचंच अर्धं बोलणं पुन्हा सांगतो. दोघांमध्ये दोन परिच्छेदांचं अंतर असल्यानं डोळ्याला ही पुनरुक्ती दिसली नव्हती, आराखड्यात ती एका नजरेत दिसते. दहावा सातव्यात मिसळायचा. नवव्याच्या नोंदीला मध्ये ‘पण’ लागला, ही त्याला दोन भागांत तोडण्याची खूण: आधी लोकांचा अंदाज, मग प्रयोगशाळेचा निष्कर्ष. त्यांच्यामध्ये वाचकाला क्षणभर थांबू द्यायला हवं.

आणि मग आराखडा असं काही दाखवतो जे वाचनात ऐकूच येत नाही, कारण ते खर्ड्यात नाहीच. लेख रंग आला कसा ते सांगतो; गेला कसा, ते कुठंच सांगत नाही. वाचकाच्या मनात हा प्रश्न हटकून येणार. नमुन्याचं पाणी स्थिर ठेवल्यावर गुलाबी अंश तळाशी बसला आणि वरचं पाणी स्वच्छ दिसू लागलं, असं आघारकर संस्थेच्या तपासणीत आढळलं होतं. पावसाचं गोडं पाणी आलं की क्षारता उतरते. या दोन गोष्टींचा एक नवा परिच्छेद शेवटी यायला हवा. रामसर दर्जा आणि ‘जपलं पाहिजे’ हा अकरावा परिच्छेद तिथं बसला होता तो केवळ लेख कुठंतरी संपवायचा म्हणून.

अकराचे सहा झाले: दोन, तीन, सातमध्ये मिसळलेला दहा, नऊचे दोन भाग आणि नवा शेवट.

काढलेल्याचं काय करायचं

सुरेख वाचला जाणारा परिच्छेद काढताना हात थरथरतो, आणि हे स्वाभाविक आहे. त्यावर बहुतेकांचं बळ कमी पडतं. यासाठी एक तिसरी, छोटी चाचणी आहे, ती दोन्ही साधनं एकत्र वापरते. संशयित परिच्छेद झाकून त्याच्या आधीचा आणि नंतरचा सलग मोठ्यानं वाचायचा, तोही खर्डा न पाहिलेल्या माणसासमोर. ऐकणाऱ्याला फट जाणवली नाही, त्यानं काही विचारलं नाही, तर तो परिच्छेद लेखाला लागत नव्हता. लोणारच्या खर्ड्यात पाचवा परिच्छेद असा झाकून पाहिला, तर कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही. सातवा झाकला, तर नववा वाचताना ऐकणारा लगेच विचारतो, ‘पण लोणारचं पाणी मुळात खारट का?’

काढलेला मजकूर फाडून टाकायची गरज नसते. मासिकाच्या पानावर चौकटीची सोय असते. लवणासुराची कथा तिथं शोभून दिसेल. वयाचा वाद हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तिथं तोच परिच्छेद प्रश्न मांडण्याचं काम करील. परिच्छेद निरुपयोगी असतो तो एका विशिष्ट लेखात, एका विशिष्ट प्रश्नापुढे.

म्हणूनच ललित लेखनाला ही कसोटी जपून लावावी लागते. ललितलेखात आडवाटेनं जाण्यातच पुष्कळदा लेखाचं सार असतं आणि तिथं ‘इथं गती कमी करतो’ किंवा ‘आठमधल्या आठवणीआधी मन तयार करतो’ हेही खरं काम आहे. क्रमांकाची अट तिथंही उपयोगी पडते, कारण गती कशासाठी कमी करायची हे तरी सांगावं लागतं. कथेत परिच्छेदाऐवजी प्रसंग हे एकक धरावं; संवादातल्या एकेका ओळीसमोर काम लिहीत बसलं तर हाती काही लागत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी एक मोठ्यानं वाचन, फक्त खुणांसाठी. मग आराखडा, काटछाट, फेरमांडणी. वाक्यांची डागडुजी त्यानंतर. हा क्रम उलटला तर जे परिच्छेद जाणारच आहेत त्यांची वाक्यं आधी घासूनपुसून होतात, आणि ज्यावर इतकी मेहनत झाली तो परिच्छेद काढणं आणखी जड जातं. शेवटी पुन्हा एकदा सलग मोठ्यानं वाचन, कारण परिच्छेद हलवले की जुने दुवे लोंबकळत राहतात. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असं म्हटलेली गोष्ट आता खाली गेलेली असते. मासिकातल्या मध्यम लांबीच्या लेखासाठी हे सगळं एका बैठकीत होतं. फक्त लिहिणं आणि तपासणं यांत एक रात्र जाऊ द्यावी.

मराठीत या सगळ्यानंतरही डोळ्याचं एक काम उरतंच. ‘आणि’ हा शब्द ऱ्हस्व लिहिला काय किंवा दीर्घ लिहिला काय, उच्चारात फरक पडत नाही. ‘पाणी’ आणि ‘पाणि’ जिभेला सारखेच. कान शुद्धलेखनाच्या या चुका पकडू शकत नाही, आराखडा तर त्यांच्याकडे पाहतही नाही. ऱ्हस्वदीर्घासाठी शेवटचं मुद्रितशोधन वेगळं, गप्प बसून, शब्दाखाली पट्टी धरून करावं लागतं.